चालावं की सायकल मारावी?

पन्नाशी ओलांडली की गुडघे बोलायला लागतात. माझा उजवा रोज सकाळी दहाएक मिनिटं कुरकुरतो आणि मग गप्प होतो. सूज नाही, अडकणं नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम थांबवू नका. कोणता करायचा, हे सांगायला मात्र घरातले सगळेच पुढे! मामा चालण्याच्या बाजूचे, धाकटा भाऊ सायकलच्या.

भावाचा मुद्दा वजनाचा. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. माझं वजन 70 किलो, म्हणजे दर पावलाला पावणेदोनशे किलोच्या आसपास! टेकडी किंवा जिना उतरताना आणखी जास्त. सायकलवर बरंचसं वजन सीट पेलते, त्यामुळे सपाटीला, हलक्या गिअरमध्ये हाच भार आपल्या वजनाच्या जवळपास राहतो.

पण मंडळी, गोम पुढेच आहे. चालताना गुडघा साठेक अंश वाकतो, सायकलवर शंभराच्याही पुढे. आखडलेल्या गुडघ्याला हे वाकणंच जड जातं. त्यात आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवायची पद्धत. मग पायडल वर आलं की गुडघा आणखी दुमडतो आणि वाटीमागे दाब वाढतो.

म्हणून सायकल घरी आल्या आल्या भाऊ पाना घेऊन बसला. मला भिंतीला धरून सीटवर बसवलं, पायडल अगदी खाली आणलं आणि त्यावर टाच ठेवायला सांगितली. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. माझा झाला नाही. सीट तीन बोटं वर घेतली तेव्हा झाला. आता चालवताना चवडा पायडलवर असतो, तेव्हा खालच्या टोकालाही गुडघ्यात थोडा बाक राहतो. वाटीपाशी, पुढच्या बाजूला दुखलं तर सीट खाली आहे असं समजायचं. मागे लवणीत ओढ बसली किंवा कंबर डुलायला लागली तर ती फार वर गेली.

तरी मामा हरले नाहीत. हाडांना वजन पेलायची सवय लागते, ती उभं राहून चालताना. सायकल त्या बाबतीत फारसं काही देत नाही. म्हणून आठवड्यात चार दिवस वीस मिनिटं सायकल आणि तीन दिवस सपाट मैदानावर चालणं, अशी वाटणी केली आहे.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. कुरकुर नेहमीइतकीच असेल तर ठीक. जास्त वेळ टिकली तर पुढच्या खेपेला पाच मिनिटं कमी. सूज आली किंवा गुडघा अडकला, तर मात्र मामांना नाही, डॉक्टरांना विचारायचं!