तीन बाय चार



आज विषय साधाच आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘३×४’ लिहिलेलं असतं. पुढे फूट नाही, इंच नाही, आणि तीन कुठलं नि चार कुठलं तेही नाही. लिहिणाऱ्याला वाटतं आपण माप दिलं. ज्याच्या हातात ती चिठ्ठी येते, त्याच्याकडे मात्र फक्त दोन आकडे येतात.

माझ्याकडे अशी चिठ्ठी फोनवर आली. धाकट्या दिरांची सून पुण्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती. पडदे मी घरीच शिवते, हे तिला माहीत. म्हणाली, “मोठ्या काकू, सुताराने मापं लिहून दिलीत, फोटो पाठवते.” कागदावर तीन ओळी होत्या. हॉल ६×४, बेडरूम ४×४, किचन ३×४. कापड मी इचलकरंजीहून आणणार होते. म्हणजे दुकानात जाऊन मीटर सांगायच्या आधी ही मापं वाचणं आलं.

एकक ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. खिडकी तीन इंच बाय चार इंच असत नाही, आणि तीन मीटर बाय चार मीटरची खिडकी स्वयंपाकघरात मावत नाही. उरले फूट. वस्तू डोळ्यांसमोर असली की चुकीची एककं आपोआप गळून पडतात. पण वस्तू कुठली ते माहीत हवं. लाकडाच्या वखारीत कुणी ‘चार बाय तीन’ म्हणाला, तर तो चौकटीच्या लाकडाची जाडी इंचांत सांगत असतो. तेच आकडे काचवाल्याकडे फूट होतात.

खरी अडचण क्रमाची. तीन रुंदी की तीन उंची? शाळेत आपण लांबी गुणिले रुंदी शिकलो, म्हणून पहिला आकडा लांबीचा, असं पुष्कळजणींना वाटतं. पण बाजार शाळेच्या नियमाने चालत नाही. प्रत्येक धंद्याची रीत वेगळी. तुमच्या घरातल्या पलंगाचंच बघा. सिंगल गादी ७२×३६ म्हणून मिळते, म्हणजे आधी लांबी, मग रुंदी. त्याच गादीवरची चादर ६०×९० म्हणून मिळते, म्हणजे आधी रुंदी, मग लांबी. एकाच पलंगावरच्या दोन वस्तू आणि क्रम उलटा! तिथे आपण चुकत नाही, कारण पलंग माणसाएवढा लांब असतो हे आपल्याला ठाऊक आहे. तयार पडद्यांच्या दुकानात खिडकीचा पडदा ४×५ आणि दाराचा ४×७. तिथे पहिला आकडा रुंदीचा, दुसरा उंचीचा. तयार दारं विकणारा मात्र बहुधा उंची आधी सांगतो, ‘सात बाय तीन’. दार आडवं नसतं, म्हणून तिथेही गोंधळ होत नाही.

तीन आणि चारात मात्र फरक इतका थोडा, की खिडकी उभी असली तरी पटते आणि आडवी असली तरी पटते. ६×२ असतं तर डोळ्यांनी उत्तर दिलं असतं. ३×४ ला डोळे उत्तर देत नाहीत.

मग मी चिठ्ठीतल्या बाकीच्या ओळींना विचारलं. हॉलची खिडकी ६×४. सहा फूट उंच आणि चार फूट रुंद म्हणजे ती जवळजवळ दारच झाली. तेव्हा सहा ही रुंदी आणि चार ही उंची. बेडरूम ४×४, तिथे क्रमाचा प्रश्नच नाही, उंची चारच. हे जुळतंही. आपल्याकडच्या घरांत खिडक्यांचा आणि दारांचा वरचा लिंटेल साधारण सात फुटांवर एका ओळीत असतो, आणि हॉल-बेडरूमच्या खिडकीचा कट्टा जमिनीपासून तीनेक फुटांवर. सातातून तीन गेले, चार उरले. म्हणून एका घरातल्या मापांत जो आकडा ओळीने सारखा येतो, तो बहुतेक वेळा उंचीचा असतो. चिठ्ठी हाती आली की आधी हा सारखा येणारा आकडा शोधा.

या हिशेबाने किचनही रुंदी तीन, उंची चार व्हायला हवं. पण इथेच थांबावं लागतं. स्वयंपाकघरात खिडकीखाली ओटा असतो. ओट्याची उंची साधारण पावणेतीन फूट, त्यावर भिंतीला टाईल्सची पट्टी. म्हणून तिथली खिडकी पुष्कळ घरांत चार फुटांवरून सुरू होते. सातातून चार गेले, उरले तीन. मग तीन ही उंची ठरते आणि चार ही रुंदी. एका बाजूने चिठ्ठीची रीत सांगते उभी, दुसऱ्या बाजूने ओटा सांगतो आडवी. दोन्ही तर्क बरोबर, आणि म्हणूनच दोन्ही निरुपयोगी.

“काकू, एवढं काय त्यात? बारा चौरस फूटच ना दोन्हीकडून?” असं आमच्या शेजारची मुलगी म्हणाली. इथे माझं बी.कॉम. जागं झालं. तेरीज जुळली म्हणजे जमाखर्च बरोबर, असं नसतं. एका खात्याची रक्कम चुकून दुसऱ्याच खात्यावर नावे पडली, तरी तेरीज जुळते. हेही तसंच. तीन गुणिले चार बारा आणि चार गुणिले तीनही बाराच. स्लायडिंग खिडकीचं बिल चौरस फुटावर येतं, त्यामुळे ते दोन्हीकडून तेवढंच. चौकटीची पट्टी मोजली तर तीही दोन्हीकडून चौदा फूट. म्हणून ही चूक बिलात सापडत नाही, ती खिडकीपाशीच सापडते.

नुसती चौकट असती, समजा खिडकीवर बाहेरून लावायची जाळीची साधी फ्रेम, तर फिरवून बसवता आली असती. वर-खाली असा भेद नसलेल्या वस्तूला क्रमाची गरज नसते. पण सरकती खिडकी फिरवता येत नाही. तिचा सरकायचा मार्ग तळाशी असतो, उभा केला तर झडप खाली येईल. पडदाही फिरवता येत नाही. चुण्या वरूनच पडायला हव्यात, आणि कापडावर मोर असले तर ते आडवे झोपतील.

आता कापडाचा हिशेब मांडून बघू. कापडाचा पन्हा ४८ इंच धरला. पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त घ्यायची, आणि चुण्यांसाठी दांडीच्या दुप्पट रुंदीचं कापड. दांडी खिडकीच्या सहा इंच वर. स्वयंपाकघर आहे, ओट्याजवळ पडदा लोंबलेला नको, म्हणून खाली कट्ट्यापर्यंतच. वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून बारा इंच.

खिडकी उभी असेल, तर रुंदी ३६ इंच, दांडी ४८, कापडाची रुंदी ९६. म्हणजे बरोबर दोन पन्हे. प्रत्येक तुकड्याची उंची ४८ अधिक ६ अधिक १२, म्हणजे ६६ इंच. दोन तुकडे मिळून १३२ इंच, अकरा फूट. दुकानात साडेतीन मीटर मागायचं.

खिडकी आडवी असेल, तर रुंदी ४८, दांडी ६०, कापडाची रुंदी १२०. म्हणजे अडीच पन्हे, घ्यायचे तीन. प्रत्येक तुकडा ३६ अधिक ६ अधिक १२, म्हणजे ५४ इंच. तीन तुकडे १६२ इंच, साडेतेरा फूट. सव्वाचार मीटर मागायचं.

बारा चौरस फूट तेच, कापड मात्र पाऊण मीटर कमी-जास्त. आणि एकदा कात्री चालली की दोन्हीकडची चूक सारखी नसते. उभी समजून कापलेला तुकडा आडव्या खिडकीला एक फूट लांब होतो, तो कापून आखूड करता येतो, पण तिसरा तुकडा कुठून आणणार? आडवी समजून कापलेला तुकडा उभ्या खिडकीला एक फूट आखूड पडतो, त्याला तर उपायच नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी शिलाईवाल्याने असेच पडदे शिवून दिले होते. शेवटी खाली दुसऱ्या रंगाची झालर जोडली, आणि येणारा-जाणारा तिचं कौतुक करायचा, ते ऐकून घरची बाई आणखी चिडायची.

तेव्हा विचारणं आलं. पण काय विचारायचं तेही महत्त्वाचं. मी आधी सुनेच्या नवऱ्याला विचारलं, “लांबी किती रे?” तो म्हणाला, “चार.” याने काहीच सुटलं नाही. पडदेवाल्याची लांबी वरून खाली असते. बाकीच्यांची लांबी म्हणजे जी बाजू मोठी ती. चार हा मोठा आकडा आहे, एवढं मलाही दिसत होतं! ‘लांबी’ हा शब्द खिडकीला वापरूच नये. मग विचारलं, “ओट्यापाशी उभा राहिलास तर खिडकी उभी दिसते का आडवी?” तो लगेच म्हणाला, “आडवी, मोठी काकू. डावीकडून उजवीकडे मोठी.” नंतर सुनेने टेप लावून इंचांत मापं पाठवली. रुंदी ४७, उंची ३५. गोल आकड्यांत तो एक-एक इंचही झाकला गेला होता. दांडीला आणि चुण्यांना तेवढ्याने फरक पडत नाही, म्हणून सव्वाचार मीटर कायम राहिलं.

आपल्याकडे पाणी गाळायच्या वस्त्राचं माप सांगतात तेही आठवलं. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, आणि दुहेरी. आकडा आहे, एकक आहे, कुठली बाजू तेही आहे. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणजे रुंदी एक हात, लांबी दीड हात. लांबीत घडी घातली की दुहेरी वस्त्र अठरा बाय चोवीस होतं. गंमत म्हणजे हे प्रमाण तीनास चारच! रुंदीत घडी घातली असती तर बारा अंगुळांची अरुंद पट्टी उरली असती, आणि घड्याच्या तोंडावर ती कडेने उघडी पडली असती. गाळणं कडेने उघडं राहिलं तर न गाळलेलं पाणी खाली जातं, आणि मग गाळण्याचा अर्थच उरत नाही.

आता घरात माप लिहायचं झालं तर मी ‘रुं. ४७ इंच, उं. ३५ इंच’ असं लिहिते आणि शेजारी छोटा चौकोन काढते, आडवा असेल तर आडवा. सुतारालाही सुनेने तसंच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुढच्या चिठ्ठीत बाल्कनीचं माप लिहिलं, ५×७.

जय जिनेंद्र.