वक्त्याला रस्ता सांगताना

नेवासे तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती शके 1212 मध्ये. त्या पैस खांबाच्या परिसरातल्या गावांना बोलणारा माणूस आणून त्याला ऐकण्याची सवय फार जुनी. आमच्याकडे हरिनाम सप्ताह ठरला की मंडप आणि किराणा नंतर, आधी महाराजांची तारीख. माझे वडील, अण्णा, सप्ताह कमिटीचं लिहिण्याचं काम करत. पाहुणा कसा बोलवायचा, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

अण्णा पत्रात तिथी, इंग्रजी तारीख आणि वार असं तिन्ही लिहायचे. सप्ताह तिथीवर बसतो, पण कीर्तनकारांची वही तारखेवर चालते. एखाद्या महिन्यात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशी लागोपाठच्या दिवशी येतात, अधिक महिना आला तर सगळंच पुढं सरकतं. महाराज आज आमच्या गावी आणि उद्या वैजापूर-पैठणकडे, अशा बांधलेल्या दौऱ्यात एका दिवसाची चूक म्हणजे एका गावाचं कीर्तन बुडालं. तिन्ही लिहिलं की वार तारखेशी जुळतो का, हे वाचणाराच ताडून बघतो आणि चूक वेळेवर सापडते.

पुढची ओळ साथीची. मृदंग वाजवणारा गावचा आहे की बाहेरून येणार, गायक किती, टाळकरी किती, हे अण्णा लिहून टाकत. कमी टाळकरी असलेल्या गावाला वाटायचं की हे कळलं तर महाराज येणार नाहीत. अण्णांचं म्हणणं उलटं होतं. आधी कळलं तर महाराज सोबत दोन माणसं घेऊन येतील. उभं राहिल्यावर कळलं तर अभंग सुटेल. मी एकदा नुसतं "नेवाशापासून जवळच" असं लिहिलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "बाळा, महाराजांना गाव सांगू नको, रस्ता सांग." मग फाटा कुठला, तिथून कोणत्या हाताला वळायचं आणि फाट्यावर कोण उभं राहणार, हे पत्रात आलं.

शिक्षक झालो आणि तेच काम शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्याकडे आलं. त्याच सुमारास एक वेगळी गोष्ट बघायला मिळाली. शेजारच्या एका गावात शेतीवर बोलायला एक अभ्यासू गृहस्थ आले. निमंत्रणात "श्रोतृवर्ग मोठा" एवढंच होतं. समोर बसवली होती तिसरी-चौथीची मुलं, कारण मोठी माणसं कांदा काढणीत होती. गृहस्थ पाच मिनिटं थांबले, टिपणं खिशात ठेवली आणि मुलांना बियाणं कसं उगवतं ते सांगितलं. त्यांनी निभावलं, पण ज्यांच्यासाठी ते तयारी करून आले होते, ती माणसं त्यांना भेटलीच नाहीत. श्रोत्यांची संख्या लिहिताना ते कोण आहेत हेही लिहावं लागतं, हे मला तेव्हा पटलं.

1997 साली नगरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, ना. सं. इनामदार अध्यक्ष होते. मी श्रोता म्हणून गेलो होतो. परिसंवाद ऐकताना माझं लक्ष घड्याळाकडे जाई. चार वक्ते एका व्यासपीठावर असले की प्रत्येकाला बाकीचे तिघं कोण, आपला क्रम कितवा आणि आपल्या वाट्याला किती मिनिटं, हे घरूनच माहीत असायला हवं. नाहीतर पहिला सगळं सांगून टाकतो आणि चौथ्याला आभारांची घाई गाठते. आमच्या गावात तेव्हापासून एका संध्याकाळी एकच वक्ता.

ही संध्याकाळ म्हणजे गावची व्याख्यानमाला. तिचं एक पत्र सविस्तर सांगतो. मुळा धरणाचा कालवा आला, ऊस वाढला आणि काही वर्षांनी खालच्या रानात पांढरा थर दिसू लागला. लोकांना त्यावर ऐकायचं होतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या एका मृदाशास्त्रज्ञांना बोलवायचं ठरलं. कमिटीत विषय सुचला, "माती आणि पाणी". मी म्हटलं, एवढ्या विषयावर ते काहीही बोलू शकतील आणि आपला पांढरा थर राहून जाईल. मग पत्रात असं लिहिलं:

"विषय : आमच्या शिवारातील क्षारपड व चोपण जमीन कशी ओळखावी आणि दुरुस्त करावी. श्रोते सुमारे दीडशे, बहुतेक ऊस व कांदा उत्पादक, निम्म्यांची जमीन कालव्याखाली. वेळ रात्री आठ ते पावणेदहा. त्यात आपले बोलणे एक तास, उरलेला वेळ प्रश्नांना. जागा मारुती मंदिरासमोरचे पटांगण, उघड्यावर. ध्वनिक्षेपक आहे, पडद्याची सोय नाही. आपणांस आणण्यास व परत सोडण्यास गाडी येईल. जेवण व्याख्यानाआधी. मानधन व प्रवासखर्च कमिटी देईल, रक्कम दूरध्वनीवर बोलून ठरवू."

यातली प्रत्येक ओळ गावच्या दिनक्रमातून आली होती. आठच्या आत माणूस येत नाही, कारण धारा काढून दूध डेअरीवर घालायचं असतं. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग. शेतीच्या लाइटीची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात माणसं मधूनच मोटार चालू करायला उठतात, म्हणून तारीख दिवसपाळीच्या आठवड्यातली धरली. दीडशे हा आकडाही आधीच्या व्याख्यानांना खरोखर बसलेल्या माणसांवरून काढला होता. आकडा फुगवला की वक्ता सभेची तयारी करून येतो आणि त्याला भेटते बैठक. दोन्हींचं बोलणं वेगळं असतं.

पत्राचं उत्तर फोनवर आलं. साहेबांनी विचारलं, "पडदा नाही ना? मग मला मातीचे नमुने द्या. पांढऱ्या थराच्या रानातली, कडक होऊन पाणी न मुरणाऱ्या रानातली आणि चांगल्या रानातली, प्रत्येकी अर्धा किलो. विहिरीचं पाणीही बाटलीत पाठवा." नमुने आठ दिवस आधी गेले. त्या रात्री त्यांनी आमचीच माती हातात घेऊन सांगितलं की क्षारपड रानात आधी चर काढून साठलेलं पाणी बाहेर काढावं लागेल, आणि चोपण रानाला जिप्समही लागेल. चर न काढता टाकलेलं जिप्सम वाया जाईल. लोकांचे प्रश्न त्यांच्या स्वतःच्या गटांवरचे होते. पडदा नाही ही उणीव आम्ही लिहिली नसती, तर साहेब चित्रं घेऊन आले असते आणि माती आमच्या रानातच राहिली असती.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे आणि निमंत्रण मोबाइलवर जातं. रस्ता सांगायला नकाशाची खूण पाठवता येते, ती सोय मोठी आहे. पण सुशोभित पत्रिकेत मान्यवरांची नावं भरतात आणि वक्त्याला लागणारी ओळ राहते. म्हणून नव्या पोरांना मी पत्रिकेखेरीज वेगळा मजकूर लिहायला लावतो: कशावर, कोणासमोर, किती जणांसमोर, कधी, कुठं, किती वेळ, काय सोय आहे आणि काय नाही. आठ दिवस आधी एक फोन, आदल्या संध्याकाळी दुसरा.

आणि कार्यक्रमानंतर दुसरं पत्र. त्यात आभारासोबत खरोखर किती माणसं होती ते लिहायचं आणि लोकांनी विचारलेले, उत्तर अपुरं राहिलेले प्रश्न जोडायचे. साहेबांना आम्ही असे प्रश्न पाठवले, तेव्हा पुढच्या हंगामात ते न बोलावता चरांची आखणी बघायला आले. गावानं आपली गरज नेमकी सांगितली, तर जाणता माणूस ती आपली मानतो, असा माझा अनुभव आहे. पुढच्या वर्षीच्या पत्रात श्रोत्यांचा आकडा लिहायला आम्ही हेच दुसरं पत्र काढून बघतो.