दोन पंचमधली तीन मिनिटं

डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन गळीत हंगामात, माजलगाव भागातल्या एका साखर कारखान्याच्या ठेकेदाराकडे कामाला असलेल्या माझ्या चुलत्यांचा फोन आला. ते टाइमकीपर. तीस वर्षं हजेरीपट लिहितात. म्हणाले, "बाळा, मस्टर म्हणतंय सत्तावीस दिवस, तुमचं मशीन म्हणतंय तेवीस. ठेकेदार म्हणतो मशीन खोटं बोलत नसतं. आता तूच सांग."

माणूस बगॅस यार्डातला होता. चार दिवसांची मजुरी हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणे वर्षात २४० दिवस काम भरलं तरच पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. दर महिन्याला तीन-चार दिवस असेच गळत गेले, तर २४० च्या काठावर असलेला माणूस कागदावर त्याच्या आतच राहायचा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. काकांना म्हटलं, मशीनमधली कच्ची नोंद पाठवा, तयार रिपोर्ट नको. पेनड्राइव्हवर उतरवून त्यांनी ती पाठवली. प्रत्येक ओळीत कामगाराचा नंबर आणि वेळ, कामाचं एवढंच. या माणसाच्या दोन तारखा अशा होत्या:

```
2023-12-05 03:52
2023-12-05 03:54
2023-12-05 12:06

2023-12-21 03:55
2023-12-21 12:03
2023-12-21 12:06
2023-12-21 20:04
```

कारखान्यात पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार. पाच तारखेला माणूस पहाटे आला आणि दुपारी गेला, हे कुणालाही दिसतं. सॉफ्टवेअरला दिसत नाही, कारण ते पहिला पंच आत, दुसरा बाहेर, तिसरा आत अशी जोडी लावत जातं. त्याच्या हिशेबी हा माणूस ३:५२ ला आला, ३:५४ ला गेला आणि १२:०६ ला पुन्हा आत शिरला तो बाहेर पडलाच नाही. काम भरलं दोन मिनिटं. शेरा: गैरहजर. १४ आणि १९ तारखेलाही हेच झालं होतं.

माणूस दोनदा बोट का लावतो? बगॅस आणि चुना हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे मशीन पुष्कळदा ओळखत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. न ओळखलेलं बोट हजेरीच्या नोंदीत येतच नाही. म्हणजे नोंदीत दोन ओळी आहेत याचा अर्थ दोन्ही वेळा बोट ओळखलं गेलं होतं. पण गव्हाणीच्या आवाजात 'बीप' ऐकू आला नाही, आणि आधी चार वेळा नाकारलं गेलेला माणूस पाचव्यांदा विश्वास ठेवत नाही. तो रांगेत मागे जाऊन पुन्हा बोट लावतो. त्याने खबरदारी घेतली म्हणूनच त्याचा दिवस गेला.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पाच मिनिटांच्या आतला दुसरा पंच सोडून द्यायचा. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय होती, फक्त बंद होती. ती चालू केली तशा ५, १४ आणि १९ या तिन्ही तारखा जुळल्या. तेवीसचे सव्वीस झाले. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपवतात.

मी सगळी तपासणी पुन्हा चालवली, तेव्हा २१ तारीख बिघडलेली दिसली. त्या दिवशी बदली माणूस आला नाही म्हणून यानेच दोन पाळ्या केल्या होत्या. १२:०३ ला पहिली पाळी संपल्याचा पंच, १२:०६ ला दुसरी सुरू झाल्याचा. आधीची आंधळी जोडी इथे योगायोगाने बरोबर येत होती. नव्या नियमाने १२:०६ चा पंच दुबार म्हणून गिळला, २०:०४ चा पंच एकटा लोंबकळत राहिला, आणि दुप्पट दराने मिळायची ती दुसरी पाळी नाहीशी झाली. दिवस हजेरीचाच राहिल्यामुळे दिवसांच्या बेरजेत ते कळलंही नसतं. तासांची बेरीज वेगळी ताडून पाहिली म्हणून सापडलं.

मर्यादा दोन मिनिटांवर आणली तर? तर १२:०६ वाचतो, पण तीन-चार मिनिटांनी पुन्हा बोट लावणारे अडकतात. सगळ्या कामगारांच्या लागोपाठच्या पंचांमधलं अंतर मांडून पाहिलं. दुबार पंच आणि पाळीबदलाचे पंच एकाच पट्ट्यात मिसळलेले होते. म्हणजे त्या दोघांना वेगळं करणारा मिनिटांचा आकडा नाहीच. पंच दुबार आहे की खरा, हे त्याच्या शेजारच्या पंचावरून कळत नाही, मागच्या-पुढच्या घोळक्यांवरून कळतं.

म्हणून पंच खोडायचे थांबवलं आणि जवळचे पंच एका घोळक्यात बांधले. मग फक्त घोळके मोजायचे. पाच तारखेला दोन घोळके, मध्ये आठ तास: एक पाळी. आत येण्याची वेळ पहिल्या घोळक्यातल्या पहिल्या पंचाची, बाहेर जाण्याची शेवटच्या घोळक्यातल्या शेवटच्या पंचाची. एकवीसला तीन घोळके, मधल्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ तास: मधला घोळका बाहेर पडण्याचाही आणि आत येण्याचाही, म्हणजे दोन पाळ्या. रात्रपाळीचा दिवस घोळका सुरू होतो त्या तारखेचा धरायचा, नाहीतर मध्यरात्र एका पाळीचे दोन तुकडे करते. कच्ची ओळ एकही पुसायची नाही. कोणती ओळ कोणत्या घोळक्यात गेली ते शेजारी लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतं.

राहिली २७ तारीख. ३:५३, ३:५५, आणि पुढे काहीच नाही. मस्टरवर 'हजर'. घोळका एकच. माणूस दिवसभर राबला आणि जाताना बोट लावायचं राहिलं, की बोट लावून घरी गेला? दोन्ही गोष्टींची नोंद हुबेहूब सारखीच दिसते. सॉफ्टवेअर इथे गैरहजेरी टाकत होतं, आणि माझा आक्षेप नेमका तिथे होता. न समजलेल्याला 'नाही' म्हणणं हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही तो मोजतो. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम १९३६ चं कलम ९ गैरहजेरीची कपात प्रत्यक्ष गैरहजेरीच्या प्रमाणातच ठेवायला सांगत होतं. गैरहजेरीच ठरलेली नसताना कपात कशाची?

अशा तारखांसाठी तिसरा शेरा ठेवला: 'तपासणी बाकी'. त्यांची यादी पगारपत्रक बनण्याआधी टाइमकीपरच्या हातात जाते. तेव्हाच्या नियमाने हजारापेक्षा कमी कामगार असले तर मजुरी महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत द्यावी लागायची, म्हणून यादी एक तारखेलाच निघायला हवी होती. काकांनी यार्डाची पाळीवही उघडली. २७ च्या पहाटेच्या पाळीत बेल्ट अडकला होता, तो मोकळा करणाऱ्या चौघांची नावं साडेदहाच्या नोंदीत होती. त्यात याचं नाव होतं. सत्तावीसवा दिवस त्या वहीने दिला.

उलटंही घडलं. दुसऱ्या एका नावापुढे मस्टरवर दोन दिवस हजेरी होती, आणि मशीनमध्ये पंच नव्हता, पाळीवहीत नाव नव्हतं, विचारल्यावर सोबतच्यांनाही आठवेना. काका थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांनी आपल्याच हातच्या दोन नोंदींवर लाल रेघ मारून सही केली. मस्टर खरं आणि मशीन खोटं, असं त्यांनाही म्हणायचं नव्हतं.

ठेकेदाराला मी एवढंच सांगितलं की मशीन खोटं बोललेलं नाही. त्याने फक्त बोट कधी लागलं ते सांगितलं होतं. माणूस कामावर होता की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ते उत्तर आपण जोड्या लावून त्याच्या तोंडी घातलं होतं.

सुधारित पत्रकावर त्या माणसाचे दिवस सत्तावीस आणि एक जादा पाळी आली. त्याने अंगठा टेकवण्याआधी आकडा दोनदा वाचून घेतला.