फळीवर येण्याआधी

प्रिय मित्रा,

डेपो सोडून ग्रामसभांच्या तेंदूच्या हिशेबाला यावं का, असं तू विचारतोस. तिथला पगार एक तारखेला होतो, पण नऊ वर्षं तू बांबूच्या बंडलांचं तेच रजिस्टर भरतो आहेस. तुला गोंडी येते आणि हिशेब समजावून सांगता येतो. डेपोत यातलं काहीच कामी येत नाही, इथे रोज लागेल. पण निर्णय घेण्याआधी तुझा पगार कशातून निघणार, ते बघ.

२००९ मध्ये मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी गावांनी बांबू आणि तेंदू स्वतः विकायला घेतला. तेंदूचा हंगाम मे महिन्यात जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. समज, एका गावाच्या शंभर गोण्या झाल्या आणि गोणीमागे सहा हजार रॉयल्टी मिळाली, तर सहा लाख जमा होतात. तुझा पगार महिना पंधरा हजार धरला, तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार म्हणजे त्यातले तीस टक्के. एवढं एकटं गाव देणार नाही, आणि देऊही नये. अशी पाच गावं एकत्र आली, तर तोच पगार सहा टक्क्यांवर येतो. भाव निम्म्यावर आला तरी बारा टक्के. तेव्हा सोबत येणाऱ्या प्रत्येक ग्रामसभेचा लेखी ठराव आणि सहा महिन्यांचा पगार बँकेत शिल्लक, एवढं असेल तरच ये.

दुसरा धोका ठेकेदाराचा. वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात असतो, तोच आपला लगाम. या कामाच्या दुसऱ्या वर्षी मी ठेकेदाराच्या शब्दावर हप्ता जमा होण्याआधीच साठ गोण्यांचे परवाने दिले. माल गेला, पैसे दिवाळीपर्यंत अडकले. पानं तोडणाऱ्या बायकांसमोर उभं राहून मला ते सांगावं लागलं. तेव्हापासून पैसे खात्यात दिसल्याशिवाय मी परवान्यावर सही करत नाही. पाऊस मात्र कुणाच्या हातात नाही. फळीवर वाळत घातलेले पुडे भिजले की पान काळं पडतं आणि ठेकेदार ते घेत नाही. असं वर्ष येणारच, म्हणून ती शिल्लक हवी.

लगेच राजीनामा देऊ नकोस. मार्चमध्ये बूटकटाई सुरू असेल, तेव्हा आठ दिवसांची रजा काढून धानोऱ्याला ये. पाचही गावांच्या ग्रामसभांना बस. मागच्या हंगामाचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला जातो का, आणि मागे बसलेली बाई उठून आकडा विचारते का, ते बघ. जिथे ती विचारते, तिथे तुझा पगार बुडणार नाही. जिथे वही एकाच्याच घरी असते, त्या गावाला नाही म्हण.

पाचांतली चार गावं तशी निघाली आणि त्यांचे ठराव व शिल्लक हाती असली, तर डेपोच्या किल्ल्या परत कर.

तुझा
जुना सोबती