आधी तांदूळ, मग भिंती

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला आणि भाऊबीज २३ ला. हातात तीन आठवडे. आमचं घर धारूर तालुक्यातलं, कापूस-सोयाबीनवाल्यांचं. एरवी मोठी झाडझूड आणि गोधड्या धुणं घट बसायच्या आधीच उरकतं, दिवाळीला नुसता वरवर हात फिरवायचा. पण त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की धुतलेली गोधडी वाळणार कुठं? म्हणून सगळं दसऱ्यापलीकडं ढकललं. तिथं तर सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी बसलेलीच होती.

आत्याबाईंचा दिवाळीचा हिशेब मात्र भिंतींपासून नाही, अनारशापासून सुरू होतो. दसऱ्याची पुरणाची भांडी घासून होतात न होतात तोच त्या म्हणाल्या, "तांदूळ भिजू घाल आधी. भिंतीचं मंग बघू." त्यांचं खरं आहे. भिंत एका दिवसात पोचारते, अनारशाचं पीठ घाई केली तर ऐकत नाही.

तांदूळ जुना घ्यायचा. तो तीन दिवस पाण्यात ठेवायचा आणि रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास धरतो. चौथ्या दिवशी उपसून सावलीत धोतराच्या कापडावर पसरायचा. मुठीत धरला तर ओलसर लागावा, पण हाताला चिकटू नये, इतपतच वाळवायचा. मग कुटून बारीक चाळायचा. एक किलो पिठाला आम्ही पाऊण किलोच्या आसपास किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घेतो, मळून गोळे करतो आणि डब्यात घट्ट झाकून ठेवतो. आठवडाभर त्याला मुरू द्यायचं. त्या वर्षी हवाच दमट होती, तांदूळ लवकर वाळेना. शेवटी खोलीत पंख्याखाली पसरला.

डबा फळीवर गेला, मग साफसफाईला हात घातला. पहिली घेतली ती मधली खोली, कारण वेचलेला कापूस तिथंच पडतो. एकदा ढीग लागला की विकेपर्यंत त्या खोलीत केरसुणीसुद्धा नीट फिरत नाही. शिवाय ओल्या भिंतीला कापूस टेकला की पिवळा पडतो आणि भाव उतरतो. म्हणून माळ्यावरचं जळमट, उतरंडीची भांडी आणि ती भिंत एका दमात केली. गोधड्या ऊन पडेल तशा एकेक धुतल्या. स्वयंपाकघर मुद्दाम शेवटी ठेवलं, तळण झाल्यावर त्याची पुन्हा तीच गत होणार होती.

बाजार तीनदा केला. पहिल्या खेपेला भाजणीची धान्यं, पोहे आणि डाळी आणल्या. दिवाळीच्या तोंडावर गिरणीत डब्यांची रांग लागते, म्हणून भाजणी आठवडाभर आधीच दळून ठेवली. दुसऱ्या खेपेला, सोयाबीनची पट्टी हातात आल्यावर, तेल-तूप, खोबरं आणि कापडचोपड. भिजलेल्या सोयाबीनला भाव यथातथाच मिळाला. म्हणून पोरांचे कपडे आणि नणंदेची साडी आधी घेतली, घरच्या मोठ्यांनी ठरवलं की आपलं पुढच्या वर्षी बघू. उटणं, पणत्या, लाह्या-बत्तासे आणि नवी केरसुणी शेवटच्या बाजाराला.

तळणाचा क्रम टिकण्यावर असतो. शंकरपाळे आणि चिवडा आधी, मग चकली, मग लाडू. करंज्या अगदी शेवटी, कारण त्यांचं आवरण मऊ पडतं. त्यांना हातही जास्त लागतात, म्हणून गल्लीतल्या बायका आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी असं फिरतात.

वसुबारसेला, १७ तारखेला, अनारशाचा डबा उघडला. खसखशीवर पुरी थापायची आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायची. उलटायची नाही, वरून झाऱ्यानं तूप उडवत राहायचं. पहिलाच अनारसा हसला. म्हणजे तुपात फुटून पसरला आणि कढईत नुसता भुगा झाला. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलं राहिलं की असं होतं, आणि आमच्या पिठात ओल होतीच. आत्याबाईंनी बाजूला राखलेलं बिनगुळाचं मूठभर पीठ गोळ्यात मिसळलं आणि एकच तळून पाहिला. जाळी पडली, कडा धरल्या. मग पुढची थापणी माझ्याकडं दिली. उलट अनारसा दगडासारखा झाला असता, तर पिकल्या केळ्याचा तुकडा मळून पीठ सैल केलं असतं.

माझी नणंद आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात. त्या हंगामात गाळप १ नोव्हेंबरला सुरू होणार होतं, म्हणून भाऊबीजेला ती घरी येऊ शकली. कोपीत आठ-पंधरा दिवस टिकेल तेच तिच्या पिशवीत भरलं: शंकरपाळे, चिवडा आणि अनारसे. करंज्या आणि लाडू तिनं इथंच खाल्ले. साडीची घडी ओवाळणीच्या ताटात दिली, आणि मुकादमाचा फोन कधी येईल ते विचारलं.