डिलीट केलं, पण गेलं का?

आमचं घर कुंडमला. जबलपूरहून डिंडोरीच्या रस्त्यावर हे तालुक्याचं गाव लागतं. इथे मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे लेकीसाठी स्थळ शोधायचं म्हणजे फोनवरच. विवाह जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर आम्ही तिचं नाव नोंदवलं होतं. फेब्रुवारीत लग्न ठरलं, आणि त्याच रात्री मी तिचं प्रोफाइल काढून टाकलं. म्हणजे, मला तसं वाटलं.

जूनमध्ये नागपूरहून एका बाईंचा फोन आला. "तुमच्या मुलीचं स्थळ पाहिलं, पत्रिका पाठवाल का?" लेकीचे सासू-सासरे तेव्हा आमच्याच ओसरीवर चहा घेत होते. मी काय उत्तर दिलं, मला आठवत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मात्र आठवतो.

मी कंपनीला फोन केला. "मॅडम, तुमची डिलीटची विनंती आमच्याकडे आलेलीच नाही," असं उत्तर मिळालं. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. पुण्याची भाची घरी आली तेव्हा तिने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "आत्या, तू प्रोफाइल लपवलंस गं, काढलं नाहीस." दोन्ही बटणं शेजारी-शेजारी होती. लपवलेलं प्रोफाइल पुन्हा लॉगिन केल्यावर आपोआप उघडं झालं होतं. कधीतरी जुने निरोप बघायला मीच लॉगिन केलं होतं!

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तुम्हालाही उपयोग होईल म्हणून सांगते.

बटण दाबण्याआधी प्रोफाइलचा क्रमांक आणि पानाची लिंक वहीत उतरवून घेतली, फोटोची लिंकही. खातं गेल्यावर ती कुठून आणणार? डिलीट करताना प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट घेतला, त्यात वरची तारीख-वेळ दिसेल असा. मग नोंदणीच्याच ईमेलवरून तक्रार अधिकाऱ्याला चार ओळी लिहिल्या: प्रोफाइल क्रमांक अमुक, आज २ जुलै रोजी कायमचं काढण्याची विनंती केली आहे, फोटो आणि फोन नंबरही काढावेत, काम झाल्यावर लेखी कळवावं. फोनवर बोललेलं हवेत विरतं, ईमेलला मात्र तारीख असते.

या अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर देणं २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा, असंही त्यात आहे. दुसऱ्या दिवशी तिकीट क्रमांक आला. तो मी स्क्रीनशॉटसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवला.

१७ जुलैला तपासणी केली. इथे बहुतेक जण चुकतात: खातं गेलं का हे बघायला त्याच खात्यात लॉगिन करतात. फेसबुकवर डिलीटची विनंती केल्यापासून ३० दिवसांच्या आत पुन्हा लॉगिन केलं, तर ती विनंती रद्द होऊ शकते. म्हणून आम्ही यजमानांच्या फोनवर, इन्कॉग्निटो खिडकीत, वहीतली लिंक टाकली. पान गेलं होतं. भाचीच्या मैत्रिणीने त्याच साइटवरच्या आपल्या खात्यातून क्रमांक शोधला, तोही सापडला नाही. पण फोटोची लिंक टाकली, तर लेक हसत समोर उभी!

पहिल्या ईमेलच्याच उत्तरात फोटोची लिंक आणि स्क्रीनशॉट जोडून पुन्हा लिहिलं. यावेळी "विनंती आलीच नाही" असं कोणी म्हणालं नाही. चार दिवसांनी फोटोही गेला. गूगलच्या शोधात मात्र नाव आणि जुना फोटो दिसतच होता. त्यासाठी गूगलचंच "Refresh Outdated Content" नावाचं पान आहे. मूळ पान गेलेलं असेल तर तिथे लिंक द्यायची, म्हणजे शोधातली जुनी नोंद काढली जाते. मूळ पानावर ती माहिती अजून असेल तर मात्र त्याचा उपयोग होत नाही, म्हणून हा क्रम पाळायचा.

एक मर्यादाही सांगते. पान दिसेनासं झालं तरी कंपनीच्या बॅकअपमध्ये माहिती काही काळ राहते. फेसबुकच सांगतं की सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. बॅकअपमध्ये डोकावायची सोय आपल्याला नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा बघायची आहे. मी कॅलेंडरवर ३० सप्टेंबरला खूण केली होती. त्या दिवशी तिन्ही लिंक टाकल्या, तिन्ही रिकाम्या. शेवटचा स्क्रीनशॉट घेतला आणि विहीणबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "आमच्या धाकट्याचंही काढायचं आहे. ती वही घेऊन या की!"