उशिरा येणाऱ्याला पत्र

शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो म्हणून मोहल्ल्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. मागे एसटी स्टँडजवळचे एक हॉटेलवाले चाचा आले. त्यांचा भट्टीवरचा माणूस सारखा उशिरा येत होता. त्याला नोटीस द्यायची होती. त्यांनी स्वतः लिहून आणलेल्या कागदावर एकच वाक्य होतं: ‘तू नेहमी उशिरा येतोस, तुला कामाची पर्वा नाही, उद्यापासून येऊ नकोस.’

मी विचारलं, “चाचा, त्याला काढायचंय की वेळेवर आणायचंय?”

ते म्हणाले, “काढायचं कशाला? त्याच्यासारखी रोटी गावात कुणाला जमत नाही.”

मग कागद बदलावा लागणार होता. पहिला अडसर होता ‘नेहमी’ या शब्दाचा. नेहमी म्हटलं की समोरचा वेळेवर आलेला एखादा दिवस काढून दाखवतो आणि पत्र तिथंच हरतं. चाचांकडून हजेरीची वही मागवली. कामाची वेळ सकाळी सहाची. जुलैत पाच नोंदी सापडल्या. ‘पर्वा नाही’ हेही खोडलं. माणसाच्या मनात काय आहे ते वहीत नसतं, वहीत फक्त वेळ असते.

दुसरा प्रश्न संबोधनाचा. चाचा त्याला रोज ‘तू’ म्हणतात. पत्रात एकदम ‘आपण’ आलं असतं तर त्याला तो टोमणा वाटला असता. ‘तुम्ही’ ठेवलं. शेवटी मजकूर असा झाला:

‘तुमची कामाची वेळ सकाळी 6 आहे. हजेरी वहीप्रमाणे जुलैमध्ये तुम्ही 3 तारखेला 25 मिनिटं, 8 ला 40, 12 ला 30, 18 ला 35 आणि 24 ला 50 मिनिटं उशिरा आलात. 9 आणि 19 तारखेला तुम्हाला तोंडी सांगितलं होतं. भट्टी उशिरा पेटल्याने पहिल्या गाडीचे प्रवासी न खाता जातात आणि तुमचं काम दुसऱ्याला करावं लागतं. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. उशिराचं कारण तीन दिवसांत लेखी किंवा तोंडी सांगावं. अडचण असेल तर तीही सांगावी. यापुढे असंच होत राहिलं, तर तुमचं म्हणणं ऐकून नियमाप्रमाणे कारवाई करावी लागेल.’

चाचांना शेवटचं वाक्य मिळमिळीत वाटलं. त्यांना पाच दिवसांचा पगार कापायचा होता. पाच दिवसांची मिनिटं मिळून 180 होतात, म्हणजे तीन तास. जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता तेवढ्याचीच कपात करता येते, हे तत्त्व 1936 च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय. तीन तासांसाठी पाच दिवस कापले असते, तर चूक चाचांच्या पदरात पडली असती. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना नियमांतही गैरवर्तन म्हटलं होतं ते सवयीने उशिरा येण्याला, एखाद्या दिवसाच्या उशिराला नाही. आणि शिक्षेआधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं. तो कायदा मोठ्या आस्थापनांसाठी होता, चहा-रोटीच्या हॉटेलसाठी नव्हता. पण न्यायाची रीत तीच. म्हणून तारखा हव्यात, आधी तोंडी सांगितल्याची नोंद हवी आणि उत्तराला मुदत हवी.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. त्याला मराठीपेक्षा उर्दू सोपी जाते, म्हणून मागच्या बाजूला तोच मजकूर उर्दूत लिहिला. देताना चाचांनी गिऱ्हाइकांसमोर दिलं नाही, दुपारी गर्दी ओसरल्यावर आतल्या खोलीत दिलं. तो सही करायला तयार होईना. म्हणाला, “सही केली म्हणजे गुन्हा कबूल, नाही का?” तेव्हा सहीच्या जागेवर मी एक ओळ वाढवली: ‘पत्र मिळाले. मजकूर मान्य आहे असा याचा अर्थ नाही.’ मग त्याने सही केली. इतकं करूनही कुणी नकार दिला, तर भांडू नये. पत्र पोस्टाने पोचपावतीसह घरी पाठवावं.

तिसऱ्या दिवशी त्याने तोंडीच सांगितलं. बायको एका दवाखान्यात आया आहे. तिची रात्रपाळी असते त्या दिवशी ती सकाळी सव्वासहाला घरी पोचते. तोवर लहान मुलीजवळ कुणी नसतं. चाचांनी वही पुन्हा काढली. पाचही तारखा बायकोच्या रात्रपाळीच्या निघाल्या. महिनाभर दोनदा बोलणं झालं होतं, पण ‘उशीर का केलास’ हा सवाल दोन्ही वेळा ओरडून विचारलेला. ओरडून विचारलं की उत्तर येत नाही, मान खाली जाते.

आता रात्रपाळीच्या आठवड्याचा कागद तो आधीच देतो. त्या दिवशी भट्टी दुसरा पेटवतो आणि हा पावणेसातला येऊन संध्याकाळी पाऊण तास जास्त थांबतो. बाकीच्या दिवशी मात्र सहा म्हणजे सहाच. पत्राची प्रत चाचांनी फाडली नाही, फाइलला लावून ठेवलीय. त्याच्याच खाली त्याचं उत्तरही तारखेसकट लिहून त्याची सही घेतलीय.